एसएसआरवरचा हीटर: दोन सेकंदांची विंडो की वेगवान पीडब्ल्यूएम?

नवा_जुगाडी
पाच लिटर पाणी, १५०० वॉटचा हीटर, साधा झिरो क्रॉसिंग एसएसआर आणि अर्डुइनो उनो. ९ नंबरच्या पिनवर `analogWrite` वापरतोय. २० टक्के दिले तरी मीटर ६०० वॉटच्या आसपास दाखवतो आणि आकडा सारखा हलतो. ८० आणि १०० टक्क्यांत तर फरकच नाही. मित्र म्हणतो, दोन सेकंदांची विंडो धर आणि त्यातला काही वेळ हीटर चालू ठेव. मला ते ओबडधोबड वाटतं. भराभर चालू-बंद केलं तर तापमान जास्त स्थिर राहायला हवं ना?

उष्णमापक
मी ठामपणे तुमच्या मित्राच्या बाजूने. तुमच्या एसएसआरमध्ये ट्रायक किंवा एससीआर आहे. तो एकदा चालू झाला की प्रवाह शून्यावर येईपर्यंत बंद होत नाही, तुम्ही पिन खाली आणली तरीही. आणि झिरो क्रॉसिंगवाला असल्याने तो चालूही फक्त व्होल्टेज शून्याजवळ असतानाच होतो. म्हणजे ५० हर्ट्झवर त्याला निर्णयाची संधी दर १० मिलिसेकंदांनी एकदाच मिळते.

तुमची पिन सेकंदाला सुमारे ४९० पल्स देते, म्हणजे एक आवर्तन साधारण २ मिलिसेकंदांचं. २० टक्क्यांचा पल्स ०.४ मिलिसेकंद टिकतो. शून्याभोवती एसएसआर ज्या काळात 'हो' म्हणतो तोही तेवढाच, ०.४ धरा. या दोघांची गाठ पडली की अख्खं अर्धचक्र हीटरला जातं. गाठ पडण्याची शक्यता म्हणजे ०.८ भागिले २, ४० टक्के. १५०० चे ४० टक्के म्हणजे ६००, तुमच्या मीटरवर दिसतात तेच. ८० टक्क्यांना पल्समधली फट ०.४ वर येते, गाठ चुकतच नाही आणि हीटर पूर्ण चालतो. आकडा हलतो कारण पिनची आणि मेन्सची लय एकमेकींवरून सरकत राहते. वेग वाढवून तुम्ही नियंत्रण बारीक केलेलं नाही, ते नशिबावर सोडलंय.

दोन सेकंदांत २०० अर्धचक्रं बसतात, म्हणजे अर्ध्या टक्क्याची पायरी मिळते, तीही सरळ प्रमाणात.

तारेवरचा
विंडोच बरोबर, पण खरं कारण वेगळं आहे. वेगात स्विच केलं की एसएसआर तापतो आणि जळतो. माझा असाच गेला. विंडो लावली तर हीटसिंकही लागणार नाही.

उष्णमापक
हीटसिंक काढू नका, कळकळीने सांगतो. वेगवान स्विचिंगचा तोटा मॉसफेटला होतो. इथे ट्रायक मेन्सच्याच गतीने चालतो, वरून ४९० पल्स आले तरी. तो तापतो वाहताना. १५०० वॉटला साडेसहा अँपिअर, त्याच्यावर सव्वा व्होल्टच्या आसपास पडतो, म्हणजे चालू असेपर्यंत आठेक वॉट. पाणी थंड असताना हीटर मिनिटंच्या मिनिटं सलग चालतो, तेव्हा विंडो काहीच वाचवत नाही. शिवाय एसएसआर बिघडला की बहुधा शॉर्ट होऊन बिघडतो, म्हणजे हीटर चालूच राहतो. वेगळा थर्मल कटआउट हवाच.

थरावर_थर
माझ्या थ्रीडी प्रिंटरचा बेड २४ व्होल्टवर आहे, मॉसफेटने चालतो. पीडब्ल्यूएम वेगवान ठेवलाय, तापमान अगदी सरळ रेषेत. मग तुम्ही सगळे वेगाच्या विरोधात का?

उष्णमापक
तुमच्याकडे डीसी आहे. मॉसफेट सांगितल्या क्षणी बंद होतो, म्हणून तुमचं म्हणणं तुमच्यापुरतं बरोबर. प्रश्न एसीवरच्या एसएसआरचा आहे.

खटका
मी तर साध्या रिलेवर दोन सेकंदांची विंडो लावली होती. तीन दिवसांत कॉन्टॅक्ट चिकटले. तेव्हापासून या पद्धतीवर विश्वास नाही.

नवा_जुगाडी
पण माझा रिले यांत्रिक नाहीये.

मधुरा_सर्किट
नाही, पण त्यांचं उदाहरण उपयोगी आहे. दोन सेकंदांना एकदा म्हणजे दिवसाला ४३,२०० वेळा. कॉन्टॅक्टचं आयुष्य लाखभर खटक्यांचं धरलं तर सव्वादोन दिवसांत संपलं. दोष विंडो लहान असण्याचा, पद्धतीचा नाही. यांत्रिक रिलेला बरीच लांब विंडो द्यावी लागते.

माझा आक्षेप वेगळा आहे. दोन सेकंद चिकटून बसण्याइतकी पवित्र गोष्ट नाही. २० टक्के हवेत तर पहिले ४० अर्धचक्र सलग कशाला द्यायचे? ते दोन सेकंदांत पसरून द्या. दर अर्धचक्राला टक्केवारी बेरजेत टाका, बेरीज १०० झाली की एक अर्धचक्र हीटरला द्या आणि १०० वजा करा. सरासरी तीच, पण चढउतार कितीतरी कमी.

उष्णमापक
चढउतार कमी होईल, मान्य. पण या पाण्याला त्याची गरज आहे का ते पाहू. पाच लिटर पाण्याला एक अंश वाढायला सुमारे २१ हजार ज्यूल लागतात. ३० टक्क्यांवर, दोन सेकंदांच्या विंडोत, चढउतार १५०० × ०.३ × ०.७ × २ भागिले २१,०००, म्हणजे ०.०३ अंश. बारा बिटांच्या डिजिटल सेन्सरची पायरीच ०.०६२५ अंश असते. त्याला हा चढउतार दिसणारच नाही.

आणि पसरून देण्यात दोन खाचा आहेत. १० टक्क्यांना दर दहावं अर्धचक्र जातं, दहा ही सम संख्या, म्हणून प्रत्येक वेळी एकाच बाजूचं अर्धचक्र मिळतं आणि मेन्सवर डीसी पडतो. दुसरं, सेकंदाला दहा झटके म्हणजे त्याच लाइनवरचे दिवे नेमके डोळ्यांना सर्वाधिक खुपणाऱ्या वेगाजवळ लुकलुकतात.

मधुरा_सर्किट
डीसीचं पटलं, त्यासाठी पूर्ण चक्रं मोजायची, २० मिलिसेकंदांची. दिव्यांचं अर्धंच पटलं. दोन सेकंदांनी एकदा मंदावणारा दिवाही वाचत बसलेल्या माणसाला कळतो. माझ्याकडे १०० ग्रॅमचा ॲल्युमिनियम ठोकळा आणि १०० वॉटचा हीटर आहे. तिथे तुमच्याच हिशेबाने ५० टक्क्यांवर, दोन सेकंदांत, अर्ध्या अंशाहून जास्त चढउतार येतो. मी विंडो कुठे नेऊ?

उष्णमापक
तिथे तुमचीच पद्धत बरी. विंडो ०.२ सेकंदांवर आणली तर चढउतार दहावा भाग होईल, पण पायरी ५ टक्क्यांची होईल. फक्त झिरो क्रॉसिंग ओळखणारं सर्किट लावा, नाहीतर तुमचे टिक मेन्सवरून सरकतील आणि हाच घोळ परत येईल.

नवा_जुगाडी
विंडो लावली. २० टक्क्यांना आता सरासरी ३०० वॉट! पण पीआयडी सुरू केला की एसएसआरचा दिवा एकाच विंडोत तीन-चारदा पेटतो-विझतो.

उष्णमापक
पीआयडी विंडोच्या मधेच आकडा बदलतोय. तो फक्त विंडोच्या सुरुवातीला उचला:

```
if (millis() - winStart >= 2000UL) {
  winStart += 2000UL;
  onTime = duty * 2000UL / 100;
}
digitalWrite(9, millis() - winStart < onTime);
```

`duty` ० ते १००. मधे कुठेही `delay` नको.

मधुरा_सर्किट
मी एक सूट ठेवते: विंडोच्या मधे हीटर लवकर बंद करू देते, पण त्याच विंडोत परत चालू होऊ देत नाही. लक्ष्य ओलांडायच्या बेतात असताना दोन सेकंद वाट पाहणं माझ्या ठोकळ्याला परवडत नाही.

उष्णमापक
मग आउटपुट नेहमी खालच्या बाजूला झुकेल आणि इंटिग्रल ते भरून काढत बसेल. मला ते पटत नाही.

मधुरा_सर्किट
माझ्या ठोकळ्यावर दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून बघते, मग बोलू.