रत्नागिरीच्या घराचा नकाशा ग्वाल्हेरला चालेल का? भिंती, छज्जे, खिडक्या : सल्ला हवा

लष्करकर

ग्वाल्हेरला प्लॉट घेतला आहे, रुंदी ३० फूट, खोली ५० फूट. रस्ता पश्चिमेला. दक्षिणेला १२ फुटी गल्ली, पूर्वेला मागे ६ फूट मोकळे सोडायचे आहेत आणि उत्तरेला शेजाऱ्याची भिंत अगदी लागून. तळमजला आणि वर एक मजला बांधायचा आहे.

मामेभावाचं रत्नागिरीचं घर सगळ्यांना फार आवडलंय. चिऱ्याच्या ९ इंची भिंती, समोरासमोर मोठ्या खिडक्या, खिडकीची चौकट जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर, पुढे पडवी आणि तीन फूट बाहेर आलेलं कौलारू छप्पर. मेमध्येही तिथे नुसत्या पंख्यावर भागतं. तोच नकाशा इथे उतरवावा असं घरात चाललंय. ठेकेदाराचं म्हणणं, भिंती १४ इंची करा, बाकी नकाशा चालेल. यातलं काय ठेवावं, काय बदलावं? पश्चिमेला पुढची बैठक आणि तिच्या डोक्यावर मोठी बेडरूम असं सध्या आहे.

गोट्या_इंदूर

१४ इंची भिंत म्हणजे जागेची नासाडी. ८ इंची एएसी, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेल्या सिमेंटचे ब्लॉक लावा, विषय संपला. उष्णता आत येतच नाही. वजनाला हलका, काम पटापट होतं, प्लास्टरही पातळ लागतं. खिडक्या मोठ्या ठेवा, हवा खेळती राहिली की घर थंड. आमच्या कॉलनीत आता सगळे हेच करतात.

मातीविटा

लष्करकर, दोन्ही गावांचा मे महिना शेजारी ठेवून बघा. रत्नागिरीत दुपारी ३२-३३ आणि पहाटे २५-२६. दिवसरात्रीत फरक सातेक अंशांचा आणि हवेत सतत दमटपणा. तिथे रात्रीची हवा भिंतीला गार करण्याइतकी गार नसते, म्हणून भिंतीच्या जाडीचा उपयोग थोडाच. घामावरून वारा गेला की बरं वाटतं, म्हणून खिडक्या खाली, समोरासमोर आणि दिवसरात्र उघड्या. तीन फुटी छप्पर मुख्यतः पावसासाठी आहे. नैर्ऋत्येकडून तिरका येणारा पाऊस भिंतीवर आणि उघड्या खिडकीत येऊ नये म्हणून.

ग्वाल्हेरला मेमध्ये दुपारी ४२ च्या वर आणि पहाटे २७-२८. त्यात पश्चिमेकडून लू. दुपारी समोरासमोरच्या खिडक्या उघडल्यात तर बाहेरची ४२ अंशांची हवाच घरात फिरवाल, सोबत धूळ. इथे घर सकाळी सातच्या आत बंद करायचं आणि रात्री नऊ-साडेनऊनंतर, बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की उघडायचं. रात्री भिंती आणि छत गार करून घ्यायचं आणि दिवसभर तो गारवा पुरवायचा. जाड भिंत हवी ती यासाठी. रात्री घर उघडणार नसाल तर १४ इंची भिंत चार दिवसांत तापते आणि मग तापलेलीच राहते.

गोट्या, एएसी उष्णता अडवतो हे बरोबर. पण तो साठवत फार कमी. सगळं घर त्याचंच बांधलं तर रात्रीचा गारवा धरून ठेवायला आत वस्तुमानच उरत नाही, आणि सकाळी दहाला एक दार उघडं राहिलं की खोली तापली. दिवसभर एसी लावणार असाल तर एएसी उत्तम. रात्रीच्या हवेवर घर चालवायचं असेल तर वीट आत आणि एएसी बाहेर असा क्रम हवा.

लष्करकर

म्हणजे सगळ्या भिंती १४ इंची नकोत का? पश्चिमेचं नेमकं काय करू?

मातीविटा

नकोत. उत्तरेची भिंत शेजाऱ्याच्या सावलीत आहे, ती ९ इंची पुरे. दक्षिण आणि पूर्व ९ इंची विटांच्या, बाहेरून पांढरा किंवा अगदी फिका रंग. खर्च पश्चिमेवर करा.

९ इंची विटेच्या भिंतीतून उष्णता आत पोचायला साधारण सहा-सात तास लागतात. पश्चिमेची भिंत चार-पाचला सर्वांत जास्त तापते, म्हणजे ती उष्णता आतल्या बाजूला रात्री अकराच्या सुमारास येते, नेमकी झोपायच्या वेळी. भिंत १४ इंची केली की ती घटका पहाटेवर जाते आणि तीव्रताही उतरते, पण खोली बेडरूमच असेल तर त्रास राहतोच. म्हणून आधी नकाशा बदला : वरची बेडरूम पूर्वेला न्या आणि पश्चिमेला बाथरूम, कपड्यांची खोली, कोठी आणा. बैठक खाली पश्चिमेला राहू द्या, तिच्यावर मजला असल्याने छताचा ताप नाही.

पश्चिमेच्या भिंतीला आतून ९ इंची वीट, बाहेरून ४ इंची एएसी. दोन थर जस्ताचा मुलामा दिलेल्या पट्ट्यांनी दर दोन फुटांवर, उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी बांधायचे. एएसी जिथे काँक्रीटच्या कॉलम-बीमला भिडतो तिथे प्लास्टरखाली जाळी मारली नाही तर सांध्यावर हमखास उभी चीर पडते, आणि पावसाळ्यात पाणी त्याच चिरेतून आत शिरतं. गवंडी जाळी टाळायला बघतात, तेव्हा प्लास्टरच्या दिवशी स्वतः उभे राहा.

बडोदेकर

आमचं घर बडोद्याला, वरचा मजला, खाली दुकान. स्लॅब नुसती. रात्री बारापर्यंत पंख्यातून गरम वारा येतो. पश्चिमेच्या काचांना आतून काळी फिल्म आणि जाड पडदे लावले, फरक जवळपास शून्य. वाळ्याचा पडदा लावावा का?

मातीविटा

बडोदेकर, तुमचा त्रास आधी स्लॅबचा आहे. पंखा छताखालची तापलेली हवाच खाली ढकलतो. रात्री अकराला छताच्या आतल्या बाजूला हात लावून बघा, भिंतीपेक्षा ते स्पष्ट गरम लागेल. स्लॅब साफ करून आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर २ इंच जाडीचे एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीनचे बोर्ड, त्यावर उताराचा काँक्रीटचा थर आणि सर्वांत वर पांढऱ्या चिनी टाइल्सच्या तुकड्यांची फरशी. उतार १०० ला १ तरी हवा. साधा पांढरा थर्माकोल वापरू नका, पाणी लागलं की निकामी होतो. एवढा खर्च आत्ता नको असेल तर गच्चीला चुना द्या. दरवर्षी द्यावा लागतो, पण एका उन्हाळ्यात फरक कळतो.

लष्करकर, नव्या स्लॅबला हे पहिल्यापासूनच करा. ग्वाल्हेरला कौलारू छप्पर नको. कौलांच्या फटींतून लूची धूळ येते, आणि पातळ कौल उन्हाबरोबर लगेच तापतं.

पडद्याचं असं की ऊन काचेतून आत आलं की उष्णता घरात आलीच, मग पडदा काळा असो की जाड. सावली काचेच्या बाहेर हवी. वाळ्याचा ओला पडदा कोरड्या वाऱ्यात चांगलं काम करतो, मे-जूनच्या लूमध्ये ग्वाल्हेरला उत्तमच. पावसाळ्याच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, खोली नुसती ओलसर होते आणि वाळ्याला बुरशी धरते.

अनुप्रिया व.

छज्जे किती ठेवायचे हे कुणी सांगितलं नाही. ठेकेदार सगळीकडे सरसकट दीड फूट टाकतात.

मातीविटा

बाजूप्रमाणे वेगळे. ग्वाल्हेर साधारण २६ अंश अक्षांशावर. दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीला, थेट चौकटीच्या डोक्याला, २ फुटी छज्जा द्या. मार्चअखेरपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत काचेवर ऊन पडत नाही. डिसेंबरात दुपारचा सूर्य ४० अंशांवर असतो, तेव्हा वरचा पावणेदोन फुटांचा पट्टा सावलीत आणि खालच्या सव्वादोन फुटांतून ऊन आत, थंडीत हवंच असतं ते. दीड फुटी छज्जा हेच काम तीन फूट उंच खिडकीलाच करतो. छज्जा चौकटीच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट लांबवा, नाहीतर सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन बाजूने घुसतं. स्थानिक वालुकाश्माची फरशी तोड्यांवर बसवलीत तर सुंदर दिसतं आणि काँक्रीटपेक्षा हलकं पडतं. छज्जा भिंतीकडून बाहेर किंचित उतरता हवा.

पश्चिमेला आडव्या छज्जाने भागत नाही. मेमध्ये सव्वाचारच्या सुमारास सूर्य जवळजवळ थेट पश्चिमेला, ३५ अंशांवर असतो. चार फुटी खिडकी झाकायला तेव्हा पावणेसहा फूट छज्जा लागेल आणि तासाभरात दहा फूट. म्हणून मामेभावाची पडवी ठेवा, ६ फूट खोल. सव्वाचारपर्यंतचं ऊन ती अडवेल. पुढच्या ऊन्हासाठी पडवीच्या बाहेरच्या कडेला वर-खाली होणारी बांबूची चिक. पश्चिमेला खिडक्या दोनच, लहान.

लष्करकर

मग रात्री हवा यायची कुठून? चोरांच्या भीतीने खालच्या खिडक्या उघड्या ठेवत नाहीत आमच्याकडे. आणि मेमध्ये रात्री वारा पडतो.

मातीविटा

वारा पडतो म्हणूनच जिना कामाला लावा. तो उत्तरेच्या भिंतीला घराच्या मध्यावर घ्या आणि गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीला पूर्व आणि उत्तर बाजूला वरच्या भागात २ बाय ३ फुटांची एकेक झडप द्या. घरातली गरम हवा जिन्यातून वर चढून बाहेर जाते आणि तिच्या जागी गल्लीकडून गार हवा आत ओढली जाते. ही हवा आत घेणाऱ्या झरोक्यांची एकूण उघडी जागाही तेवढीच, साधारण १२ चौरस फूट ठेवा. झरोके सात फुटांवर नकोत, फरशीजवळ, दीड-दोन फुटांवर, लोखंडी गज आणि जाळी लावून. मोठी खिडकी उघडी ठेवायची गरज राहत नाही. मच्छरदाणीची जाळी हवा बरीच अडवते, म्हणून जाळी लावाल तिथे झरोका मोठा घ्या.

वरच्या झडपा खालूनच दोरीने किंवा लांब दांड्याने उघडता-मिटता आल्या पाहिजेत. गच्चीवर चढून उघडाव्या लागल्या तर कुणी चढत नाही, आणि त्या ज्या स्थितीत असतील तशाच वर्षभर राहतात. मेच्या दुपारी उघड्या राहिल्या तर लू आत, जानेवारीत पारा ७ च्या आसपास उतरतो तेव्हा घर गारठतं. काम चालतंय का हे बघायला रात्री दहाला झरोक्यासमोर उदबत्ती धरा. धूर जिन्याकडे झुकला पाहिजे. झुकला नाही तर बहुतेक वेळा मधल्या खोल्यांची दारं बंद असतात. प्रत्येक दारावर जाळीचा झरोका ठेवा.

गोट्या_इंदूर

म्हणजे जुलै-ऑगस्टमध्येही दिवसा सगळं बंद? तेव्हा तर गुदमरायला होईल.

मातीविटा

नाही, तेव्हा उलट. पाऊस सुरू झाला की दिवस-रात्रीतला फरक कमी होतो आणि कूलर निरुपयोगी होतो. मग दक्षिण आणि पूर्वेच्या मोठ्या खिडक्या दिवसभर उघडायच्या, पंखा चालू. त्या दोन-अडीच महिन्यांत घर रत्नागिरीसारखं वापरायचं. म्हणून खिडक्या घट्ट मिटणाऱ्या हव्यात, कायम लावलेल्या काचा नकोत.

अनुप्रिया व.

पश्चिमेला एएसीऐवजी दोन साडेचार इंची विटांच्या भिंतींमध्ये २ इंच पोकळी ठेवली तर? ग्वाल्हेरला वीट स्वस्त पडते आणि गवंड्यांना सवयीची.

मातीविटा

चालेल, पण तळाला पाणी बाहेर पडायला छिद्रं ठेवा आणि पोकळीत मसाला पडू देऊ नका. पडला की तिथून उष्णता आणि ओल दोन्ही आत. शिवाय आतल्या बाजूला वस्तुमान निम्मंच उरतं. यात खर्चाचा फरक किती येतो हे तिथल्या दरांवर आहे. लष्करकर, दोन्हीचा अंदाज ठेकेदाराकडून लेखी घ्या आणि इथे टाका, मग ठरवू.