पत्र्यातून वर गेलेल्या व्हेंट पाइपभोवती गळतंय, मदत हवी आहे

धायरीकर: गच्चीवर पत्र्याची शेड आहे. टॉयलेटचा ११० मिमीचा पीव्हीसी व्हेंट पाइप पत्रा कापून वर काढलाय. मे महिन्यात फॅब्रिकेटरने भोवती सिलिकॉन भरलं, जूनमध्येच पाइपवरून ओघळ सुरू. परत भरलं, ऑगस्टमध्ये परत तेच. सिलिकॉन पत्र्याला घट्ट आहे, पण पाइपच्या बाजूने नख आत जातं. काय करू?

सदाशिव३०: एपॉक्सी पुटी लावा, दगडासारखी बसते. आणि पाइपचं तोंड टोपीने बंद करा, पाऊस तिथूनच शिरत असणार.

जुना_प्लंबर: तोंड अजिबात बंद करू नका. त्यातून पडलेलं पाणी पाइपातूनच खाली ड्रेनेजला जातं. हवा अडली तर फ्लशबरोबर ट्रॅपमधलं पाणी ओढलं जाईल आणि घरभर वास. जाळीची काउल पुरे.

पुटीही नको. तीन मीटर पीव्हीसी पाइप ३० अंशांच्या फरकाने पाचेक मिलिमीटर लांब-आखूड होतो. मेच्या उन्हानंतर पहिली सर आली की कडक सांधा सुटणारच. इथे ईपीडीएम रबराचा बूट हवा, खाली वाकणारी अ‍ॅल्युमिनियमची कड असलेला. त्याचं तोंड पाइपपेक्षा लहान कापा, ११० ला साधारण ९०. साबणाचं पाणी लावून वरून ओढून बसवा. रबर पाइपला आवळून धरतं आणि पाइप हलला तरी सोबत हलतं. तिथे सिलिकॉन लागत नाही. कड मात्र पत्र्याच्या नाळीप्रमाणे दाबून घ्या, खाली न्यूट्रल सिलिकॉन, आणि दीड-दोन इंचांवर वॉशरवाले स्क्रू. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, पत्रा गंजतो.

कात्रजची_मीना: आमचाही पाइप गळायचा हो. गवंड्याने कोबा फोडून पाइपभोवती वाटा करून दिला, दोन पावसाळे कोरडे गेले. तुम्हीही तेच करा.

जुना_प्लंबर: मीनाताई, तुमचा पाइप स्लॅबमधून आहे. पत्र्यावर सिमेंट धरणार कशाला?

धायरीकर, भोक नाळीत आहे की उंचवट्यावर?

धायरीकर: नाळीत. पाइपने अख्खी नाळ अडवलीय. वरच्या बाजूला सुकलेल्या चिखलाची रेघ आहे.

जुना_प्लंबर: मग पाणी तिथे तुंबतंय. बुटाची चौकोनी कड तिरकी फिरवा, एक कोपरा शेडच्या उंच बाजूला. पाणी दोन्हीकडे वळतं. पण नाळ पूर्ण बंद असेल तर तेवढ्याने भागेल याची खात्री देत नाही. काही वेळा पाइपच्या वरून शेडच्या उंच टोकापर्यंत सपाट पत्रा टाकावा लागतो. आधी बादलीने पाणी ओता, खालच्या बाजूपासून सुरुवात करून थोडं थोडं वर सरका.

धायरीकर: आज केलं. पाइपच्या खाली ओतलं तर कोरडं. वर ओतल्यावर दोन मिनिटांत ओघळ. पण पाइपच्या फूटभर वर एक गंजलेला स्क्रू आहे, तिथूनही थेंब पडतोय. म्हणजे दोन गळत्या आहेत की एकच?

जुना_प्लंबर: स्क्रू बदला, मोठ्या वॉशरचा. मग परत ओता. बूट त्यानंतर आणा.