प्रतिसाद: 'छ्वेनछ्वेन दाइली' म्हणजे कुलमुखत्यार नव्हे

> "चिनी मुखत्यारपत्रात वकिलाला 'छ्वेनछ्वेन दाइली' दिलंय. 'कुलमुखत्यार' लिहू का?"

नको. शब्दशः अर्थ 'पूर्ण अधिकाराचं प्रतिनिधित्व' असला, तरी दिवाणी दाव्यात नुसतं एवढंच लिहिलं असेल तर वकिलाला दाव्यातली मागणी मान्य करणं, सोडणं, बदलणं, तडजोड, प्रतिदावा आणि अपील यांतलं काहीच करता येत नाही. चीनच्या सर्वोच्च न्यायालयाचा तसा स्पष्ट नियम आहे. या गोष्टींसाठी 'तेब्ये शौछ्वेन', म्हणजे विशेष अधिकार, एकेक नाव घेऊन द्यावा लागतो. 'कुलमुखत्यार' वाचणारा मात्र तडजोडीचाही अधिकार गृहीत धरेल.

म्हणून मजकुरात 'पूर्णाधिकार प्रतिनिधित्व' लिहा, शेजारी मूळ उच्चार द्या आणि वरचा नियम 'भाषांतरकाराची टीप' म्हणून तळाशी टाका. मुळात नसलेले अधिकार आपण भरायचे नाहीत. मुखत्यारपत्र फ्लॅटविक्रीचं असेल तर ही टीप लावू नका, कारण नियम दाव्यांपुरता आहे.

सहीखालचा 'फादिंग दाइब्याओरेन'ही तपासा. तो कंपनीच्या नोंदणीत नाव असलेला पदाधिकारी असतो. त्याला 'कायदेशीर प्रतिनिधी' म्हटलं, तर आपल्या दिवाणी कायद्यात त्याचा अर्थ मयताच्या मिळकतीचा प्रतिनिधी असा होतो. 'कंपनीचा नोंदणीकृत वैधानिक प्रतिनिधी' लिहा.