तिमाही रिलायबिलिटी रिव्ह्यू: इन्सिडेंट वाढले, एमटीटीआर घटला. वरिष्ठांपुढे काय ठेवू?

चहाबिस्किट
गुरुवारी पहिल्यांदाच एकटीने तिमाही रिव्ह्यू मांडायचा आहे. समोर सीटीओ, सीएफओ आणि प्रॉडक्टचे हेड. वेळ वीस मिनिटं. आमचं पेमेंटचं काम. मागच्या तिमाहीत ९ इन्सिडेंट होते, सुरळीत व्हायला सरासरी ४८ मिनिटं. या तिमाहीत १४, सरासरी ३१. मॅनेजर म्हणतात, ३१ मोठ्या अक्षरात टाक आणि १४ मागे कुठेतरी राहू दे. मला हे खटकतंय, पण का ते नेमकं सांगता येत नाही. शिवाय डेटाबेस अपग्रेडसाठी पैसे मागायचेत. कसं मांडाल?

गंजका_बोल्ट
आमच्या प्रेसशॉपमध्ये दर महिन्याला एमटीबीएफचा आलेख लावतो. तोच लावा. बेअरिंग किती तासांनी जातं ते कळलं की पुढचं आपोआप ठरतं.

रात्रपाळी
बोल्टसाहेब, तुमच्याकडे तेच बेअरिंग पुन्हा पुन्हा जातं, म्हणून सरासरीला अर्थ आहे. इथे आज सर्टिफिकेट संपतं, उद्या कुणीतरी चुकीचा कॉन्फिग टाकतं.

चहाबिस्किट, गुणाकार करून बघा. ९ गुणिले ४८ म्हणजे ४३२ मिनिटं. १४ गुणिले ३१ म्हणजे ४३४. एकूण त्रास तेवढाच आहे! मधल्या काळात नोंदवायचा नियम बदललात का?

चहाबिस्किट
अरे देवा. हो, या तिमाहीपासून किरकोळ इन्सिडेंटही नोंदवतो. तसे ५ आहेत, सगळे मिळून २८ मिनिटं.

रात्रपाळी
मग ते वगळले तर ९ इन्सिडेंट आणि ४०६ मिनिटं, सरासरी ४५. ४८ वरून ४५, म्हणजे जवळपास जिथल्या तिथे. नऊच आकडे असताना एखादा लांबलेला इन्सिडेंट सरासरी कुठेही नेऊन ठेवतो, त्यामुळे त्या ३ मिनिटांचंही श्रेय घेऊ नका. नियम बदलल्याचं पहिल्याच स्लाइडवर स्वतःहून सांगा. सीएफओंनी तोच गुणाकार मीटिंगमध्ये केला तर उरलेली मिनिटं सारवासारवीत जातील.

सगळ्यात लांबलेले कोणते?

चहाबिस्किट
दोन. एक ११० मिनिटं, एका बँकेचे व्यवहार पडत होते, एकूण रिक्वेस्टच्या साधारण २०%. दुसरा ९६ मिनिटं, निम्मे व्यवहार पडत होते.

पिंपळपान
वरिष्ठांना मिनिटं कळत नाहीत, रुपये कळतात. पडलेले व्यवहार गुणिले सरासरी रक्कम, आणि विषय संपला. मी दरवेळी हेच करतो.

रात्रपाळी
रुपयांत बोला हे खरं, पण हा गुणाकार फुगतो. बरेच लोक दहा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतात आणि पैसे जातात. शिवाय तुमचं नुकसान कमिशनचं, पूर्ण रकमेचं नाही. त्या दिवसात परत न आलेले व्यवहार मोजा, आकडा लहान येईल पण टिकेल.

एसएलओ, म्हणजे ठरवलेलं यशाचं लक्ष्य, ९९.९% असेल तर ९० दिवसांत सुमारे १३० मिनिटं खर्चायला मिळतात. ११० चे २०% म्हणजे २२, ९६ चे निम्मे ४८. दोघांनीच ७० खाल्ली. (गर्दी दिवसभर सारखी नसते, म्हणून खरा हिशोब पडलेल्या रिक्वेस्ट भागिले एकूण रिक्वेस्ट असा करा.)

आता पैशांचं. या दोन्हींत वेळ कुठे गेला?

चहाबिस्किट
११० मध्ये ७० मिनिटं कुणाला कळलंच नव्हतं, व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा कळलं. १२ मिनिटं कारण शोधण्यात, २८ ट्रॅफिक वळवण्यात. ९६ मध्ये कळायला ५५. तो डिप्लॉयमधून आला होता.

रात्रपाळी
मग डेटाबेस का मागताय? २०६ पैकी १२५ मिनिटं नुसती 'कळण्यात' गेली आहेत. एकूण यशाचं प्रमाण ८०% वर आलं तरी अलार्म वाजला नाही, म्हणजे अलार्म सीपीयू आणि मेमरीवर असणार, व्यवहारांवर नाही. बँकनिहाय यशाच्या प्रमाणावर अलार्म लावायला दोन माणसांचे काही आठवडे पुरतील. ही एकच मागणी ठेवा आणि ती पूर्ण झाली तर पुढच्या तिमाहीत कोणता आकडा हलेल तेही लिहा. लहान बँकांचे रात्रीचे व्यवहार इतके कमी असतात की तिथे टक्केवारी उगाच उड्या मारते. तिथला अलार्म वेगळा लागेल, हे आधीच सांगून ठेवा.

पिंपळपान
पण डेटाबेस खरंच जुना असेल आणि पुढच्या तिमाहीत बसला तर? तेव्हा 'मागितलं का नाही' असं हिलाच विचारतील.

रात्रपाळी
हा मुद्दा बरोबर आहे. या तिमाहीचे इन्सिडेंट त्याबद्दल काहीच सांगत नाहीत. जोखीम म्हणून वेगळी ओळ टाका, सपोर्ट कधी संपतो ती तारीख लिहा. पैसे आत्ता मागायचे की पुढच्या वेळी, ते मला इथून ठरवता येणार नाही.

चहाबिस्किट
२२ स्लाइडच्या ५ केल्या. मॅनेजरना ४३२ आणि ४३४ दाखवलं, गप्प झाले. पण डिप्लॉय करणाऱ्या टीमचं नाव स्लाइडवर नको म्हणतात, आणि सीटीओ ते विचारणारच.

गंजका_बोल्ट
आमच्याकडे मशीनचा नंबर लिहितात, ऑपरेटरचं नाव नाही.