क्लोजअपला माणूस थांबतो का? चेहरे मोजले तर उलटंच निघालं

केजकर: ऊसतोडीला जाणाऱ्या आजीवर 12 मिनिटांची फिल्म केली, यूट्यूबवर टाकली. प्रत्येक शॉटमधी चेहऱ्याची उंची भागिले फ्रेमची उंची असं OpenCV च्या `haarcascade_frontalface_default.xml` नी काढलं आणि रिटेन्शनच्या ग्राफशेजारी ठेवलं, तर जिथं चेहरा शून्य तिथंच लोक जास्त टिकलेत. क्लोजअपचा नाद सोडू का?

परभणीचा शूटिंगवाला: अजिबात सोडू नका भाऊ. मी लग्नाचं शूटिंग करतो, पाठवणीला नवरीच्या आईचा चेहरा भरून घेतला की घरातल्या बाया टीव्हीपुढून उठत नाहीत, हे मोजायला मशीन कशाला पाहिजे.

संभाजीनगर एडिट: आधी शून्य आलेले शॉट डोळ्यांनी बघा. ही फाईल समोरून दिसणाऱ्या, सरळ, अख्ख्या चेहऱ्यासाठीची आहे. आजीनं मान वळवली, पदर पुढं आला, किंवा तुम्ही इतकं जवळ गेलात की कपाळ आन हनुवटी फ्रेमबाहेर गेली, की चौकोनच पडत नाही, म्हणजे सगळ्यात मोठा चेहरा तुमच्या यादीत 'चेहरा नाही' म्हणून बसतो.

केजकर: बघितलं सर. 4:50 ते 5:13 आजी मुकादमाच्या उचलीचं सांगतीय, नुसते डोळे आन तोंड आहे पडद्यावर, आन आकडा शून्य! ग्राफ तिथंच सपाट आहे, 48 वरून 47, त्याच्या आधी तेवढ्याच वेळात 53 वरून 48 पडला होता.

लातूरकर: झालं मग, डिटेक्टर बदला, प्रश्न मिटला. लोक मोबाईलवर बघतात, स्क्रीन एवढीशी, मोठा चेहराच टिकणार.

संभाजीनगर एडिट: मोबाईलचं पटतं, पण मिटलं नाही. यूट्यूबच्या API मधून `audienceWatchRatio` घेतला तर अख्ख्या व्हिडिओचे 100 तुकडे मिळतात, 12 मिनिटांचा एक तुकडा 7.2 सेकंदांचा. त्यात दोन सेकंदांचा क्लोजअप विरघळून जातो, 23 सेकंदांचा आजीचा शॉट तेवढा तीनेक तुकड्यांत दिसतो. आन तिथं आजी उचलीचं बोलतीय, लोक चेहऱ्याला थांबले का त्या बोलण्याला, हे ह्या ग्राफवरून कळणार नाही. 4K मधी शूट असेल तर तोच टेक 1080 मधी एकदा मिड ठेवा, एकदा दुप्पट कापून मोठा करा, आवाज तोच, बाकी कटही तेच. दोन वेगळे व्हिडिओ टाका आन गावातल्या ग्रुपमधल्या लोकांना चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना एक, अर्ध्यांना दुसरा पाठवा. मग फक्त त्या जागेचा उतार बघा.

परभणीचा शूटिंगवाला: कापून मोठा केलेला चेहरा म्हणजे क्लोजअप नाही हो. कॅमेरा जवळ नेला की नाक-गाल वेगळे दिसतात, मागचं पाचट धूसर होतं, ते कापून कुठून येणार?

संभाजीनगर एडिट: बरोबर आहे, ह्यातून फक्त आकाराचं कळंल. जवळ जाण्याचं मोजायचं तर दोन कॅमेरे एकाच वेळी लावावे लागतील.

केजकर: शूट 4K मधीच आहे. पण ग्रुपमधी 60 च माणसं आहेत, अर्धे 30. एवढ्यावर एक टक्क्याचा फरक धरायचा का?

लातूरकर: 30 मधला एक माणूस उठला तरी तीन टक्के गेले की राव.