अनुभव धागा: घरची तूर बाजारात टाकावी का डाळ करून विकावी?

यंदा 8 क्विंटल तूर झालीय, घरात वाद चालूय. ज्यांनी केलंय त्यांनी आकड्यासकट लिहा, नुसतं 'लय परवडतं' नको.

औशाचा गडी: मागच्या उन्हाळ्यात 5 क्विंटलची केली, गावातल्या मिनी डाळमिलवर. आधी चाळून बारीक दाणा वेगळा काढला, मिलमधून एकदा काढून नुसते ओरखडे पाडले, मग क्विंटलला पाव किलो गोडेतेल चोळून रातभर ढीग झाकून ठेवला आन तीन दिवस ऊन दिलं. पहिल्या क्विंटलला आभाळ आलं तरी घाई केली तर टरफल सुटेना, पुन्हा पुन्हा मिलमधून काढावं लागलं आन डाळीच्या कडा झिजून चुरी झाली, 60 किलोच भरली. बाकीच्या चारला 70 नं उतरली, म्हणजे 340. आता मी दाणा चावून बघतो, कट्टकन फुटला आन चोळल्यावर साल निघाली तरच मिलला नेतो.
हिशेब: बाजारात 7,000 नं 35,000 आले असते. डाळ 130 नं 44,200, त्यातून भरडाई 2,500, पिशव्या-गाडीभाडं 1,700 गेलं. वर 5,000 राहिले, चुनी म्हशीला. घरच्यांची मजुरी धरली नाही बरं का.

कळंबची सून: तेल जास्त लावलं की उतारा वाढतो, आम्ही दुप्पट लावतो.

औशाचा गडी: ताई, एका मापापर्यंतच. पुढं डाळ खवट होती, दोन महिन्यांनी पिशवी उघडून वास घ्या.

बीडवाला: आई तूर भिजवून, वाळवून जात्यावर भरडायची. असली चव मिलच्या डाळीला नाही.

औशाचा गडी: चवीचं ज्याचं त्याला. भिजवली की साल लवकर सुटते खरं, पण डाळीला मधी खळगा पडतो आन शिजायला वेळ घेते. पुण्याच्या गिऱ्हाईकानं तेवढ्यावरून परत केली होती.

वसमतकर: हळदीचं पण असंच करता येईल का? आमच्याकडं शिजवून पॉलिश केलेली पडूनय.

कळंबची सून: भाऊ, हळदीचा वेगळा धागा काढा की.
आम्हाला खरा त्रास विकताना झाला. पॉलिश नसल्यामुळं डाळ मळकट दिसते, बायका विचारतात जुनी हाय का. म्हणून वानगी द्यायला लागले, शिजवून बघा मग पैसे द्या. पॅकिंगसाठी फूडचं रजिस्ट्रेशन घेतलं, छोट्यांना वर्षाला 100 रुपयेच फी हाय.

बीडवाला: मिलच घ्यावी का? पीएमएफएमईत 35 टक्के सबसिडी मिळती.

औशाचा गडी: 8 क्विंटलसाठी? गावची तूर भरडायला येणार असंल तर बघा. मिलचं काम उन्हाळ्यातले दोन-तीन महिनेच.

धागा काढणारी: मग 2 क्विंटल करून बघते. पांढरी बीडीएन 711 हाय आन थोडी लाल 716, कुणाचा उतारा जास्त?

कळंबची सून: पांढरीचा.

बीडवाला: आमच्याकडं तर लालचा आला.