सिस्टिममध्ये ४१ जीबी: रिसेट मारायचा की शोधायचं?

केळीवाला, रावेर
राम राम मंडळी. अँड्रॉइड फोन आहे, १२८ जीबीचा, रॅम ८. स्टोरेजच्या पट्टीत अ‍ॅप्स ३४, फोटो-व्हिडिओ ३८, किरकोळ ९ आणि सिस्टिम ४१. म्हणजे १२२ भरलं. सीझन सुरू व्हायच्या आधी सिस्टिम २९ होतं, हे नक्की आठवतं. फोटो काढून काढून दमलो, ते सिस्टिम काही हलत नाही. दुकानवाला म्हणतो रिसेट मारा. मारू का? धंद्याचं सगळं याच फोनमध्ये आहे.

मोबाईल रिपेअरवाला, भुसावळ
मारा बिनधास्त. माझ्या काउंटरवर असे फोन रोज येतात. सिस्टिम फुगली म्हणजे आत कचरा साचला. अपडेटचे उरलेले तुकडे, लॉग, काय काय असतं. तो कचरा हाताने निघत नाही, कारण तिथं आपल्याला शिरताच येत नाही. बॅकअप घ्या, रिसेट मारा, अर्ध्या तासात फोन नवा. बाकी सगळे टाइमपास उपाय आहेत.

मास्तर, धुळे
रिसेट करून काय होणार? चार महिन्यांनी पुन्हा तेच. मूळ दुखणं वेगळं आहे. कंपनी खोक्यावर १२८ छापते आणि हातात देते शंभर. बाकीचं ‘सिस्टिम’ म्हणून स्वतःकडेच ठेवते. किराणा दुकानदारानं किलोला आठशे ग्रॅम दिले तर वजनमापवाले येतात, इथं कोणी येत नाही.

आप्पा, अमळनेर
मना फोनमा बी असंच शे भो! मी एक क्लीनर अ‍ॅप टाकलं. ते दर दोन तासांनी ‘३ जीबी कचरा सापडला’ म्हणतं. दाबलं की साफ होतं, संध्याकाळी पुन्हा ३ जीबी. आता तर लॉक स्क्रीनवर पण जाहिराती येतात. हे काय प्रकरण आहे?

वर्षा, चाळीसगाव (सध्या पुणे)
आप्पा, ते क्लीनर आधी काढून टाका. ते फक्त अ‍ॅप्सची कॅशे पुसतं. अ‍ॅप्स चालू केली की कॅशे पुन्हा तयार होते, म्हणून संध्याकाळी पुन्हा ३ जीबी. आणि अँड्रॉइडमध्ये ती कॅशे अ‍ॅप्सच्या आकड्यात धरतात, सिस्टिमच्या नाही. त्यामुळे रावेरच्या दादांनी कॅशे कितीही पुसली तरी ४१ चे ४१च राहणार.

आता दादांचं. ‘सिस्टिम’ म्हटलं की एक फोल्डर आहे आणि त्यात ४१ जीबी ठासून भरलंय असं वाटतं. तसं नसतं. अँड्रॉइडचं मूळ सेटिंग्ज अ‍ॅप आधी ओळखता येणाऱ्या गोष्टी मोजतं: अ‍ॅप्स, फोटो, व्हिडिओ, गाणी, फाइली. मग एकूण वापरातून ही बेरीज वजा करतं आणि जे उरतं त्याला ‘सिस्टिम’ म्हणतं. म्हणजे ती बाकी आहे. ज्याचा हिशोब लागला नाही ते सगळं तिथं जमा.

भुसावळच्या दादांचं म्हणणं मला पटत नाही ते यामुळेच. रिसेटनं बाकी कमी होईल, पण ती कशामुळे वाढली ते कधीच कळणार नाही. २९ वरून ४१ झालं ना? मग ते १२ जीबी शोधायचे. जुन्या २९ च्या मागे लागू नका. सीझनमध्ये फोनवर नवीन काय सुरू केलंत, एवढं सांगा.

केळीवाला, रावेर
नवीन काही नाही ताई. फक्त पेढीचा नंबर वेगळा केला. त्यासाठी फोनमध्येच दुसरं व्हॉट्सअ‍ॅप काढलं, ते डबल अ‍ॅपवालं. गाडी भरली की पोरं व्हिडिओ टाकतात, पार्टीला घड दाखवायला. दिल्लीच्या व्यापाऱ्याला व्हिडिओ बघितल्याशिवाय भाव फोडता येत नाही!

वर्षा, चाळीसगाव (सध्या पुणे)
सापडलं बहुतेक. डबल अ‍ॅप काढलं की फोन आतल्या आत दुसरा वापरकर्ता तयार करतो आणि त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या फाइली त्याच्या वेगळ्या जागेत ठेवतो. बऱ्याच फोनांत पट्टी मोजताना फक्त तुमची जागा बघतात. दुसऱ्याच्या फाइली ना फोटोत दिसतात, ना व्हिडिओत. गेल्या बाकीत.

पेढीचं व्हॉट्सअ‍ॅप उघडा, Settings मध्ये Storage and data, त्यात Manage storage. तिथला आकडा सांगा. आणि सेटिंग्जमध्ये रॅमचं पान उघडून ‘एक्स्टेंडेड रॅम’, ‘रॅम प्लस’ किंवा ‘मेमरी एक्स्टेंशन’ असं काही चालू आहे का तेही बघा. नाव कंपनीगणिक बदलतं.

नंदुरबार पोरगा
ताई माझ्या आयफोनमध्ये System Data २३ जीबी आहे. मी पण डबल व्हॉट्सअ‍ॅप बंद करू का?

वर्षा, चाळीसगाव (सध्या पुणे)
तुझं प्रकरण वेगळं, त्यात डबल अ‍ॅप नसतंच. iOS १५ च्या आधी यालाच Other म्हणायचे. त्यात कॅशे, लॉग, सिरीचे आवाज, फॉन्ट, शोधासाठीची सूची असं असतं, आणि जागा कमी पडली की फोन त्यातलं बरंचसं स्वतःच सोडतो. आधी iPhone Storage च्या यादीत iOS अपडेट डाउनलोड होऊन पडलंय का बघ, असेल तर काढ. सफारीचा डेटा पूस, फोन बंद-चालू कर. एवढं करूनही आठवडाभर २३ च राहिलं, तर बॅकअप घेऊन रिस्टोअर. आयफोनपुरतं मी भुसावळच्या दादांच्या बाजूनं आहे, कारण तिथं आत डोकावायला दुसरी वाटच नाही.

केळीवाला, रावेर
पेढीचं व्हॉट्सअ‍ॅप ११.८ जीबी! आणि एक्स्टेंडेड रॅम ८ जीबी चालू आहे. मी कधी चालू केलीच नव्हती.

मास्तर, धुळे
बघा! ८ जीबी रॅमचा फोन ‘१६ जीबी’ म्हणून विकायचा आणि ते ८ जीबी ग्राहकाच्याच स्टोरेजमधून कापायचे. मी काय म्हणत होतो?

वर्षा, चाळीसगाव (सध्या पुणे)
मास्तर, या मुद्द्यावर तुमच्याशी भांडण नाही. पण ‘१२८ मधले २८ कंपनीनं खाल्ले’ हे अर्धंच खरं आहे. खोक्यावरचे १२८ हजाराच्या पटीत मोजलेले असतात. तीच जागा १०२४ च्या पटीत मोजली की ११९ भरते. काही फोन आतला वापर १०२४ नं मोजतात आणि पट्टीवर एकूण मात्र १२८ च लिहितात. मधले ९ मग सिस्टिमच्या नावावर. ते कोणी खाल्लेले नाहीत, ते नव्हतेच. त्यानंतर खुद्द अँड्रॉइडची विभाजनं येतात, ती खरी जागा घेतात, रिसेट मारला तरी.

मोबाईल रिपेअरवाला, भुसावळ
ताई, तुमचा हिशोब कागदावर छान दिसतो. पण काउंटरवर गिऱ्हाईक उभं असतं, त्याला वजाबाकी नको, जागा पाहिजे. रिसेटनं १५-२० जीबी सुटतात हे मी डोळ्यांनी बघतो.

वर्षा, चाळीसगाव (सध्या पुणे)
सुटतात, नाही कशाला म्हणू? पण त्यात डबल अ‍ॅपची अख्खी जागा पण उडते, म्हणून सुटतात. गिऱ्हाइकाला ते घरी गेल्यावर कळतं. व्हॉट्सअ‍ॅपचा फोनमधला बॅकअप `Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases` मध्ये असतो. डबल अ‍ॅपचा त्याच्या स्वतःच्या जागेत, म्हणजे तुम्ही फोन कॉम्प्युटरला लावून साधी कॉपी मारली तर तो येईलच असं नाही. ड्राइव्हवर बॅकअप आहे म्हणाल, तर काही फोनांत डबल अ‍ॅपला गुगल खातं वेगळं जोडावं लागतं, आणि ते जोडायचं लोकांच्या लक्षातच येत नाही. शिवाय २०२४ पासून तो बॅकअप गुगलच्या फुकट १५ जीबीत मोजला जातो. ११.८ जीबीचं व्हॉट्सअ‍ॅप, वर जीमेल आणि फोटो. बसेल का? पेढीच्या उधाऱ्या त्या गप्पांमध्ये असतील, दादा.

तुमच्याकडे कॉम्प्युटर असतोच. रावेरच्या दादांचा फोन काउंटरवर आला तर डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डीबगिंग चालू करून एवढं चालवून बघा, नंतर बंद करा:

```
adb shell df -h /data
adb shell pm list users
```

मोबाईल रिपेअरवाला, भुसावळ
शेठ आज बाजाराला आले होते, चालवलं. पहिल्या ओळीत Size 110G आलं. दुसरीत दोन वापरकर्ते, एक 0 आणि एक 999. हा ९९९ मी आजवर बघितला नव्हता, खरं सांगतो.

वर्षा, चाळीसगाव (सध्या पुणे)
मस्त. तोच डबल अ‍ॅपवाला. काही कंपन्या त्याला दुसरा नंबर देतात. आता जुळवा. वापरायला मिळालेली जागा ११०, पट्टी म्हणते १२८, म्हणजे १८ जन्मापासून सिस्टिममध्ये. रॅमचे ८. पेढीचं व्हॉट्सअ‍ॅप १२. झाले ३८. राहिले ३. अपडेट उतरून रीस्टार्टची वाट बघत असेल, तर त्यात तेवढी जागा अडकू शकते. नव्या फोनांत रीस्टार्ट होऊन अपडेट नीट बसेपर्यंत ती सुटत नाही.

दादा, Manage storage मध्ये ५ एमबीवरच्या फाइलींची यादी येते. मोठ्या व्हिडिओपासून उडवा, गप्पा तशाच राहतात. पण ज्या गाडीचा वाद चालू असेल तिचे व्हिडिओ आधी पेन ड्राइव्हवर घ्या. आणि त्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आपोआप डाउनलोड बंद करा, नाहीतर पुढच्या सीझनला पुन्हा हेच.

केळीवाला, रावेर
व्हिडिओ उडवले, रॅमचं बंद केलं, रीस्टार्ट मारला. सिस्टिम २३! अपडेट वगैरे काही नव्हतं पेंडिंग. एक प्रश्न. २०२३ पासून एकाच व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दोन खाती चालतात असं भाचा म्हणतो. मग डबल अ‍ॅप पाहिजेच कशाला?

वर्षा, चाळीसगाव (सध्या पुणे)
भाचा बरोबर आहे. Add account नं दुसरा नंबर त्यातच बसतो आणि फाइली तुमच्याच जागेत राहतात, म्हणजे निदान दिसतात तरी. पण पेढीच्या जुन्या गप्पा तिकडे आपसूक येतील असं धरू नका. सीझन उतरला की करा, आत्ता नको.

मोबाईल रिपेअरवाला, भुसावळ
रॅमचं बंद करायला लावलंत ते मात्र मला पटलेलं नाही. ८ जीबीवाल्याला चालून जाईल. ४ जीबी रॅमच्या फोनात बंद केलं तर यूपीआय उघडताना मागचं अ‍ॅप मरतं, आणि शिव्या मला पडतात.

वर्षा, चाळीसगाव (सध्या पुणे)
४ जीबीवाल्याला मी पण बंद करायला सांगणार नाही, ८ वरून २ वर आणायला सांगेन. स्टोरेज रॅमच्या मानानं फार हळू चालतं. आठ दिल्यानं दोनपेक्षा फोन पळतो असं मला तरी दिसलेलं नाही. तुम्हाला दिसलं असेल तर सांगा.

आप्पा, अमळनेर
क्लीनर काढलं. जाहिराती गेल्या. सिस्टिम १९ शे, कमी नही ना जास्त नही. ६४ जीबीना फोन शे. चालंल का?

मास्तर, धुळे
आप्पा, त्यांना काय विचारता, खोक्यावर काय छापलंय ते बघा. आणि ताई, शेठचे १८ जन्मापासूनचे, तर मग वरचे ५ कुठले?